सावली वजा करण्याची विद्या

१/ दादासाहेब फाळके यांच्या मूकपटांतील चमत्कारांमागे एक युक्ती वारंवार आढळते: तीच फिल्म दोनदा प्रकाशित करायची, म्हणजे दुहेरी एक्स्पोजर. तिच्यात एक मूलभूत अडचण होती. दुसऱ्या खेपेस फिल्मवर प्रकाश वाढतो, कधीच कमी होत नाही. म्हणून अशा रीतीने अवतरलेली आकृती अर्धपारदर्शक दिसे आणि तिची सावली जमिनीवर पडतच नसे. देवतांना ते शोभलेही. देवांना सावली नसते, असे आपण मानतोच! पण दगडी खांबाचे काय?

२/ याचे नेमके उत्तर १९९८ साली पॉल डेबेवेक यांनी मांडले. चित्रणस्थळी आरशासारखा चकचकीत गोळा ठेवून त्याची छायाचित्रे वेगवेगळ्या एक्स्पोजरने घ्यायची. एकाच छायाचित्रात सूर्य पांढरा ठिपका होऊन त्याचे खरे तेज हरवते. मग आभासी सावल्या फिक्या पडतात. अनेक छायाचित्रे जोडली की प्रत्येक दिशेचा प्रकाश मोजता येतो.

३/ उदाहरण म्हणून शिरड शहापूरचे एखादे उघडे अंगण घेऊ. तेथे ३ मीटर उंचीचा, आज अस्तित्वात नसलेला खांब उभा करायचा आहे. अक्षांश सुमारे १९.५°. २१ मार्चला घड्याळात साडेबाराच्या सुमारास सूर्य दक्षिणेला ७०.५° उंचीवर असतो. म्हणजे सावली उत्तरेकडे, जेमतेम १.०६ मीटर. संगणकातील सावली याहून लांब पडली, तर दिशा वा वेळ चुकली.

४/ आता खरी गंमत. संगणकात अंगणाची साधी प्रतिकृती करून दोन चित्रे काढायची: एक खांबासह, एक खांबाविना. एका बिंदूवर पहिल्यात तेज ०.२४ आणि दुसऱ्यात ०.९० असेल, तर फरक उणे ०.६६. तो मूळ चित्रणातील ०.९० मध्ये मिळवला की ०.२४ उरते. सावली वजा झाली! जेथे फरक शून्य, तेथे खरी माती तशीच राहते. मात्र हे गणित प्रकाशाच्या सरळ प्रमाणातील आकड्यांवरच करावे लागते. पडद्यासाठी उजळवलेल्या चित्रावर ते फसते.

५/ मर्यादाही येथेच आहे. खरी माती ०.६० इतकीच उजळ असेल, तर ०.६६ वजा करताच उत्तर शून्याखाली जाते. शेजारच्या झाडाची खरी सावली मातकट आणि खांबाची कोळशासारखी दिसली, की प्रतिकृतीतील माती प्रमाणाबाहेर उजळ रंगवली आहे असे समजावे.

६/ कॅमेऱ्याचा मेळ हा निराळा प्रश्न. आभासी भिंगाचे नाभीय अंतर खऱ्याशी जुळले नाही, तर स्थिर चित्रात खांब ठीक भासतो. कॅमेरा हलताच मात्र त्याचा पाया जमिनीवरून सरकू लागतो. म्हणून पायाच्या जवळचा एखादा दगड निवडून, शेवटच्या फ्रेमपर्यंत दोघांतील अंतर तपासतात.