एक्स-वाय-झेडची कुळी

हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत फिरणारे रेझ्युमे चाळले, की प्रत्येक प्रोजेक्टखाली तोच मथळा भेटतो: ‘रोल्स अँड रिस्पॉन्सिबिलिटीज’. त्याखाली कोडिंग, युनिट टेस्टिंग, बग फिक्सिंग, क्लायंटशी समन्वय. हा निव्वळ आळस नव्हे. सर्व्हिसेस कंपनीत रेझ्युमे क्लायंटकडेही जातो, आणि क्लायंट तासांच्या हिशेबाने माणूस घेत असेल तर त्याला काय काय करता येतं, एवढंच बघतो. पण तोच रेझ्युमे प्रॉडक्ट कंपनीच्या दारात गेला की पडतो. तिथे वेगळ्याच घराण्यातली ओळ चालते.

ती ओळ नावारूपाला आली २०१४ साली. लाझलो बॉक तेव्हा गूगलच्या ‘पीपल ऑपरेशन्स’चे, म्हणजे मनुष्यबळ विभागाचे प्रमुख होते. एप्रिलमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे स्तंभलेखक थॉमस फ्रीडमन यांना त्यांनी सांगितलं, की एक्स साधलं, वायच्या तुलनेत, झेड करून, अशा घडणीत लिहावं. उदाहरण वर्तमानपत्राचंच दिलं: ‘संपादकीय लेख लिहिले’ असं न म्हणता किती छापून आले, इतरांचे सरासरी किती येतात आणि आपले का आले, ते सांगा. त्याच वर्षी सप्टेंबरात लिंक्डइनवर त्यांनी हे सूत्र पुन्हा मांडलं. तिथे ‘तुलनेत’ जाऊन ‘वायने मोजलेलं’ आलं आणि तेच रूप जगभर पसरलं. मला पहिलंच जास्त पटतं. नुसता आकडा कुणीही टाकतो. कशाच्या तुलनेत, ते सांगताना कस लागतो.

या घडणीचे पूर्वज गूगलच्या आधीचे. पीटर ड्रकर यांनी १९५४ च्या ‘द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट’मध्ये म्हटलं, की व्यवस्थापकाचं काम त्याच्या धावपळीवरून नव्हे, तर ठरवलेल्या उद्दिष्टावरून जोखावं. इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी त्याला धार दिली: उद्दिष्टाखाली मोजता येतील असे ‘की रिझल्ट्स’ लिहायचे. इंटेलमध्ये तयार झालेले जॉन डोअर ही ओकेआर पद्धत १९९९ मध्ये नवजात गूगलमध्ये घेऊन गेले. डोअर ती एका वाक्यात सांगतात: मी अमुक साध्य करीन, आणि ते तमुक निकालांनी मोजलं जाईल. हे वाक्य भूतकाळात नेऊन शेवटी ‘कसं केलं’ जोडा, बॉकचं सूत्र हाती येतं. माझ्या मते रेझ्युमेतली ही ओळ म्हणजे मुदत संपलेला ओकेआरच.

एक कल्पित पण रोजच्या कामातलं उदाहरण घेऊ. मूळ ओळ: ‘पगार प्रणालीच्या बॅकएंडची देखभाल.’ काम असं होतं, की महिनाअखेरचा अहवाल ८,००० कर्मचाऱ्यांचा, आणि कोड प्रत्येकासाठी डेटाबेसला ५ वेगळ्या क्वेऱ्या मारत होता. म्हणजे ४०,००० फेऱ्या. एका फेरीला सुमारे ६० मिलिसेकंद धरले, तरी ४० मिनिटं नुसती ये-जा करण्यात जातात. इंजिनिअरने कर्मचाऱ्यांचे गट पाडून एकेका गटाची माहिती एकत्र मागवली आणि अहवाल ५ मिनिटांवर आला. आता ओळ अशी होते: ‘८,००० कर्मचाऱ्यांचा मासिक पगार अहवाल ४० मिनिटांवरून ५ मिनिटांवर आणला, प्रत्येकामागच्या स्वतंत्र क्वेऱ्या गटाने एकत्र करून.’ इथे ‘८७.५ टक्के सुधारणा’ असंही लिहिता आलं असतं. पण मिनिटं लिहिली की पाया दिसतो. दोन सेकंदांचं काम पाव सेकंदावर आणलं, तरी टक्का तोच येतो.

पंचाईत होते ती जुना आकडा टिपलेला नसतो तेव्हा. मग जॉबच्या लॉगमधल्या सुरुवात-शेवटच्या वेळा, मॉनिटरिंगचे आलेख, तक्रारींची तिकिटं धुंडाळायची. बदल कधी गेला, ते `git log` सांगतो. त्याआधीचे आणि नंतरचे काही महिने समोरासमोर ठेवायचे. त्याच काळात सर्व्हरही बदलला असेल तर सगळं श्रेय कोडचं नाही, आणि मुलाखतीत अनुभवी माणूस नेमकं हेच विचारतो. ‘कंपनीचा महसूल ३० टक्क्यांनी वाढवला’ अशी ओळ एका डेव्हलपरच्या नावावर दिसली, की ‘तुमचा वाटा कोणता?’ या पहिल्याच प्रश्नाला ती कोसळते. कंपनीचे गोपनीय आकडे तर लिहायचेच नाहीत; तिथे ‘निम्म्याहून कमी वेळात’ एवढं पुरतं.

एक गुण मात्र या वंशजात उतरला नाही. गूगलमध्ये ओकेआरला ० ते १ असे गुण देतात आणि ०.६ ते ०.७ चांगले मानतात. कायम पूर्ण १ मिळत असेल तर उद्दिष्टच लहान ठेवलं, असा अर्थ काढतात. रेझ्युमेत ०.७ ला जागा नाही. अर्धवट राहिलेली, तरीही टीमला बरंच शिकवून गेलेली कामं तिथे येत नाहीत. ती मुलाखतीत कुणी विचारलं तरच बाहेर पडतात.