पाठ झालेली गोष्ट आणि आलेली भाषा

माझी पाच वर्षांची भाची परदेशात वाढतेय. व्हिडिओ कॉलवर ती चिऊ-काऊची गोष्ट न अडखळता सांगते, पण ‘जेवलीस का?’ विचारलं की उत्तर इंग्रजीत येतं. मग तिला मराठी येतं म्हणायचं का? हा प्रश्न भाषाविज्ञानात जुना आहे.

वेर्नर लिओपोल्ड हे अमेरिकेतले जर्मन भाषाभ्यासक. 1930 मध्ये त्यांना मुलगी झाली, हिल्डेगार्ड. ते तिच्याशी जर्मन बोलायचे, आई इंग्रजी. तिच्या बोलण्याच्या नोंदी त्यांनी रोजनिशीत ठेवल्या आणि 1939 ते 1949 या काळात त्या चार खंडांत छापल्या. घराबाहेर सगळं इंग्रजीच असल्यामुळे तिचं जर्मन मागे पडत गेलं. वडिलांचं बोलणं कळायचं, पण स्वतः बोलायला जड जायचं. पाचव्या वर्षी ती जर्मनीत राहिली आणि काही आठवड्यांत सफाईने जर्मन बोलू लागली. म्हणजे भाषा पुसली गेली नव्हती, ती बोलण्याची गरज पडत नव्हती.

पण आत दडलेली भाषा मोजायची कशी? 1958 मध्ये जीन बर्को यांनी एक साधी युक्ती काढली. त्यांनी मुलांना पक्ष्यासारख्या प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याला ‘वग’ असं बनावट नाव दिलं आणि मग दोन प्राणी दाखवून अनेकवचन विचारलं. शब्दच नवा, त्यामुळे उत्तर पाठांतरातून येऊ शकत नाही. ते नियमातूनच येणार.

हेच मी मराठीत करून पाहिलं. गोष्टीत भाची ‘कावळ्याने’ बरोबर म्हणते. मग एक बाहुला दाखवून म्हटलं, “हा टोमका. घर बांधणारा हाच. सांग, घर कोणी बांधलं?” ती म्हणाली, “टोमकाने.” अपेक्षित होतं ‘टोमक्याने’. म्हणजे ‘कावळ्याने’ हे रूप तिने अख्खं पाठ केलं होतं. ‘आ’कारान्त पुल्लिंगी नामाचं सामान्यरूप होतं, हा नियम अजून बसला नव्हता.

एका उत्तरावर निष्कर्ष काढू नका. मूल लाजतं, किंवा नवं नाव जसंच्या तसं ठेवतं. चार-पाच बनावट शब्द घ्या आणि पुण्यात वाढणाऱ्या त्याच वयाच्या मुलांनाही तेच विचारा. तीही चुकत असतील, तर कारण वय आहे, परदेश नाही.

आता आम्ही गोष्टीतली पात्रं बदलतो. कधी बोका घर बांधतो, कधी घोडा, कधी ससा. ‘बोक्याने’, ‘घोड्याने’, ‘सशाने’ असं तीच जागा नव्या शब्दाने भरावी लागते. गेल्या रविवारी तिने आपणहून पात्र निवडलं आणि म्हणाली, “रोबोट्याने.”

चूक आहे, पण ही चूक तिला कोणी शिकवलेली नव्हती. मी तारीख घालून वहीत लिहून ठेवली.