ऐंशीचा खांब एकाहत्तरहून बुटका

10 सप्टेंबर 2018. इंधन दरवाढीविरोधात काँग्रेसने भारत बंद पुकारला होता. त्याच दिवशी भारतीय जनता पक्षाच्या ट्विटर खात्यावर पेट्रोलचा स्तंभालेख आला. चित्र आणि त्यावर छापलेले आकडे दोन्ही उपलब्ध असल्याने काय घडले ते आज शांतपणे जुळवून पाहता येते.

दिल्लीतले दर असे होते: मे 2004 मध्ये 33.71 रुपये, मे 2009 मध्ये 40.62, मे 2014 मध्ये 71.41 आणि सप्टेंबर 2018 मध्ये 80.73. खांबांवर लिहिलेले हे आकडे चढत जातात. पण 80.73चा खांब 71.41च्या खांबापेक्षा बुटका! दर वाढला आणि खांब खचला. काँग्रेसने लगेच तोच आलेख सरळ करून परत टाकला.

चूक नेमकी कुठली? आलेखात वाढीची टक्केवारीही होती: 20.5, 75.8 आणि 13. भागाकार करून पाहिला तर तिन्ही बरोबर येतात. शेवटच्या टप्प्यातली वाढ आधीपेक्षा कमी टक्क्यांची होती, हा दावा खराच. फक्त टक्केवारी तीन आणि खांब चार. 2004च्या खांबाला टक्काच नाही. म्हणजे अंगावर रुपये लिहायचे आणि उतार टक्क्यांचा दाखवायचा, अशी ही सरमिसळ आहे.

इथे अक्ष कापल्याचा संशय घेणारे चुकतात. कापलेला अक्ष कसा वागतो ते चंद्रपूर जिल्ह्यावर पाहू. 2011च्या जनगणनेत साक्षरता चंद्रपूरची 80.01 टक्के, शेजारच्या गडचिरोलीची 74.36. शून्यापासून खांब काढले तर चंद्रपूरचा जेमतेम आठ टक्क्यांनी उंच दिसेल. अक्ष 70 पासून सुरू केला की उरतात 10.01 आणि 4.36, आणि चंद्रपूर गडचिरोलीच्या सव्वादोन पटींहून उंच दिसते. फरक फुगला, पण मोठा तो मोठाच राहिला. तळ कुठेही कापा, क्रम उलटत नाही.

म्हणून पट्टी घेऊन दोन खांब मोजावेत आणि उंचीचे गुणोत्तर तक्त्यातल्या आकड्यांच्या गुणोत्तराशी ताडावे. ते जास्त आले, तर आधी अक्षाचा तळ तपासावा. क्रमच उलटा आला, तर खांब दुसऱ्याच मापाने उभे केलेले असतात किंवा मापाविनाच. पेट्रोलच्या आलेखात 2018चा खांब 2014च्या 1.13 पट हवा होता. तो एकपटही नव्हता.

पट्टीला न दिसणारी एक गोष्ट राहते. हे सगळे दर दिल्लीचे. राज्याचा कर वेगळा, त्यामुळे दरही वेगळा. मुंबईत त्या दिवशी पेट्रोल 88 रुपयांच्या वर होते.