चालू धंद्याचे गृहीतक आणि कॅरिलियन कंपनीचा ताळेबंद

ताळेबंदातील आकडे हे वस्तूंच्या बाजारभावाचे आकडे असतात, असा सर्वसामान्य वाचकाचा समज असतो. वस्तुतः त्यांतील बरेचसे आकडे एका अध्याहृत गोष्टीवर उभे असतात. ती गोष्ट म्हणजे, धंदा पुढेही चालू राहील. इंग्लंडमध्ये लॉरेन्स डिक्सी यांनी १८९२ च्या आपल्या हिशेबतपासणीवरील ग्रंथात या विचाराला स्पष्ट रूप दिले. यंत्र विकण्यासाठी नव्हे, तर वापरण्यासाठी घेतलेले असते. म्हणून आज विकल्यास त्याचे काय येईल हा प्रश्न गैरलागू ठरतो, आणि मूळ किमतीतून झीज वजा करणे पुरेसे होते. दहा हजारांचे, दहा वर्षे टिकणारे यंत्र चार वर्षांनी सहा हजारांस दाखविले जाते. भंगारात त्याचे पंधराशेच येणार असले तरी त्याची दखल घेतली जात नाही. धंदा बंद पडणार असे ठरताच मात्र तोच पंधराशेचा आकडा खरा ठरतो.

हा पालट यंत्रांपुरता राहत नाही, हे ब्रिटनमधील कॅरिलियन या बांधकाम व सेवा-कंत्राटांच्या कंपनीच्या उदाहरणावरून चांगले ध्यानी येते. तिचे २०१६ सालचे हिशेब १ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध झाले. ते चालू धंद्याच्या गृहीतकावर मांडलेले होते व हिशेबतपासनीसांनी त्यांस निर्वेध दाखला दिला होता. १५ जानेवारी २०१८ रोजी, म्हणजे अकरा महिनेही पुरे होण्यापूर्वी, कंपनी गुंडाळण्याचा हुकूम झाला. त्या वेळी तिच्या हाती सुमारे २ कोटी ९० लाख पौंडांची रोकड होती आणि देणे सुमारे ७०० कोटी पौंडांचे होते.

२०१६ च्या ताळेबंदात कंपनीची निव्वळ मत्ता ७३ कोटी पौंड होती. पण मत्तेच्या बाजूस एकट्या नावलौकिकाचे मूल्य सुमारे १५७ कोटी होते. मोलेम, आल्फ्रेड मॅकआल्पाइन, इआगा अशा कंपन्या विकत घेताना त्यांच्या मत्तेहून जी अधिक रक्कम मोजली, तिचाच हा साठा. असा नावलौकिक भावी नफ्याच्या अपेक्षेवर जगतो. बंद पडलेल्या धंद्यात त्याला गिऱ्हाईक नसते. तो वगळताच निव्वळ मत्ता उणे ८४ कोटी होते. अपुऱ्या कंत्राटांवर जमेस धरलेल्या रकमांचेही तसेच. काम पुरे होईल आणि वाढीव मागण्या मान्य होतील, या भरवशावर त्या दाखविलेल्या असतात. काम अर्धवट सुटले की उलट भरपाईची मागणी उभी राहते.

देण्याची बाजूही स्थिर राहत नाही, हे पुष्कळदा विसरले जाते. सेवकांच्या निवृत्तिवेतन निधीतील तूट २०१६ च्या हिशेबात सुमारे ८० कोटी पौंड होती. ती मालक कंपनी दीर्घकाळ राहून थोडेथोडे भरील, असे धरून काढलेली होती. कंपनी नाहीशी झाल्यावर तीच वेतने विमा कंपनीकडून एकदम विकत घ्यावी लागली तर किती खर्च येईल, असा प्रश्न उभा राहिला, आणि तूट सुमारे २६० कोटींची असल्याचा अंदाज झाला. सेवक तेच होते आणि त्यांना दिलेली वचनेही तीच होती. बदलले ते गृहीतक.

मग अगोदर काही दिसत नव्हते काय? वर्षअखेरचे निव्वळ कर्ज सुमारे २२ कोटी पौंड होते, पण वर्षभराची सरासरी सुमारे ५९ कोटी होती. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा सरासरी इतकी मोठी असेल, तर ताळेबंदाच्या तारखेसाठी रोकड जमविली जाते, असा संशय घेण्यास जागा राहते. शिवाय पुरवठादारांस बँकेमार्फत लवकर पैसे देण्याची जी व्यवस्था होती, तिच्यामुळे येणारे देणे कर्ज म्हणून दाखविलेले नव्हते.

नियमांनी शंका व खात्री यांत भेद केला आहे. धंदा तगेल की नाही याविषयी महत्त्वाची अनिश्चितता असेल तर आकडे तसेच ठेवून ती टिपेत सांगावयाची. धंदा गुंडाळण्याखेरीज वास्तविक पर्यायच उरला नसेल तरच मांडणीचा पाया बदलावयाचा. या मधल्या पायरीवर मोठी अडचण आहे. अशी टीप छापली की बँका हात आखडतात आणि पुरवठादार रोख मागतात. त्यामुळे व्यवस्थापन ती शक्य तितकी लांबविते. कॅरिलियनने १० जुलै २०१७ रोजी कंत्राटांपोटी ८४ कोटी ५० लाख पौंडांची तरतूद जाहीर केली, तेव्हा कोठे संकट उघड झाले. त्यानंतर कंपनी सहा महिनेच तगली.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१९ मध्ये या विषयावरील हिशेबतपासणीचा मानक कडक करण्यात आला. व्यवस्थापनाचा अंदाज हिशेबतपासनीसांनी अधिक कसून पारखावा, आणि आपला निष्कर्ष दाखल्यात उघड मांडावा, असे त्यात ठरले. कॅरिलियनच्या हिशेबतपासनीसांस २०२३ च्या ऑक्टोबरात २ कोटी १० लाख पौंडांचा दंड झाला.