तळटीप: ४ ते ९ ही घरे

१. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनातला हा बॅकगॅमनचा डाव. ‘प्राइम’ म्हणजे ओळीने सहा घरांवर आपल्या दोन-दोन सोंगट्या. एका फाशावर सहापेक्षा मोठे दान नाही, त्यामुळे ही भिंत ओलांडता येत नाही. इथे लेखकाची घरे ४ ते ९ आणि प्रतिपक्षाची सोंगटी ३ वर अडकलेली. बारा सोंगट्या भिंतीत गेल्यावर चालीचा सगळा भार उरलेल्या तिघींवर. एका फेकीत सरासरी आठ घरे जातात. तिघींकडे चोवीस घरांची चाल असेल, तर भिंत साधारण तीन फेकी टिकते. तेवढ्यात प्रतिपक्षाला स्वतःची घरे मोडावी लागली, तर थांबण्यातच फायदा. (लेखक थांबले नाहीत, हा उतावळेपणा पुस्तकभर दिसतो.) मोडायचेच झाले तर मागचे, ९ चे घर सोडावे. मग त्या सोंगटीला सुटायला सहा हवा, तो ३६ पैकी ११ फेकींत येतो. सोंगटी २ वर असती तर केवळ एक-सहा चालला असता, ३६ पैकी दोनदा. मात्र ९ वर एकच सोंगटी मागे राहिली, तर तोच सहा तिला मारतो.