‘लग्न उद्याच आहे’ : एका निरोपाचे अठरा तास

एप्रिल २०२१. शुक्राचा अस्त संपला होता आणि दोन-तीन महिने अडून राहिलेली लग्नं २२ एप्रिलपासूनच्या मुहूर्तांवर एकदम आली होती. त्याच दिवसांत कोरोनाची दुसरी लाट चढत होती. लग्नातली माणसं आधी ५० वर आली, १४ एप्रिलच्या रात्री ८ पासून २५ वर. मग बुधवारी, २१ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी राज्य शासनाचा आणखी कडक आदेश निघाला आणि तो लागू व्हायला एक दिवसही नव्हता. चंद्रपूर-गडचिरोलीत मुलगी वैनगंगेच्या एका काठावर आणि मुलगा दुसऱ्या काठावर, अशी सोयरीक नेहमीचीच. अशा घरांपुढे रातोरात तारीख बदलायची वेळ आली.

पुढच्या घटनाक्रमातले आदेश आणि त्यांच्या वेळा खऱ्या आहेत. घर मात्र त्या आठवड्यात अडकलेल्या घरांचा नमुना म्हणून धरलं आहे. मुलगी चामोर्शी तालुक्यातली, मुलगा सावली तालुक्यातला. पत्रिकेवर छापलेलं : रविवार, २५ एप्रिल, सकाळी ११, गडचिरोलीचं एक मंगल कार्यालय. दोन्हीकडच्या पाहुण्यांचा मिळून व्हॉट्सॲपवर एकच ग्रुप, २१४ जणांचा.

आठ दिवस आधी

पंचवीसची मर्यादा आली तेव्हा घरात यादी झाली. आई-वडील, मामा, आत्या, भटजी, नवरदेवाकडचे बारा. वहीच्या एका पानात ती मावली. पण यादीबाहेरच्या १८९ जणांना ‘येऊ नका’ असं सांगायला कुणाची जीभ रेटली नाही. पुढं बघू, तोवर नियम सैल होतील, असं म्हणत विषय पुढं गेला. ग्रुपवर पत्रिका होती तशीच राहिली. पुढं जे झालं त्याची सुरुवात या गप्प बसण्यात आहे.

१८ तास आधी : बुधवार, रात्री १०

नवा आदेश मोबाईलवर आला. लग्न एकाच सभागृहात, एकाच कार्यक्रमात, दोन तासांत उरकायचं. माणसं २५. मोडलं तर ५०,००० रुपये दंड. दुसरं कलम या घराला जास्त झोंबणारं होतं : खासगी वाहनानं जिल्ह्याबाहेर जायला फक्त वैद्यकीय निकड, अत्यावश्यक सेवा, अंत्यविधी किंवा गंभीर आजारपण अशीच कारणं चालणार होती. लग्न त्यात नव्हतं. अंमल गुरुवारी रात्री ८ पासून.

म्हणजे रविवारी सावलीची वरात वैनगंगेचा पूल ओलांडू शकणार नव्हती. गुरुवारी दिवसा मात्र जाऊन परत येता येत होतं. भटजींना फोन झाला, त्यांनी दुपारी ४ चा मुहूर्त दिला. गडचिरोलीचं कार्यालय दुसऱ्या दिवशी मिळेना, म्हणून मुलीच्या अंगणातच मांडव घालायचं ठरलं. निर्णय तासाभरात झाला आणि तो बरोबर होता.

१६ तास १० मिनिटं आधी : रात्री ११.५०

मुलीच्या काकांनी ग्रुपवर टाकलं :

‘सर्वांना कळविण्यात येते की, नवीन निर्बंधांमुळे लग्न उद्याच घरी करण्याचे ठरले आहे. तरी सर्वांनी नोंद घ्यावी व सहकार्य करावे.’

वाचायला निरोप नीटनेटका आहे. पण त्यात वार नाही, तारीख नाही, वेळ नाही. ‘घरी’ म्हणजे कुणाच्या घरी? ग्रुपमध्ये दोन्ही बाजूंची माणसं होती. ‘सर्वांनी सहकार्य करावे’ म्हणजे यावं की येऊ नये? आणि ‘उद्या’ हा शब्द जेमतेम दहा मिनिटं खरा होता. बारा वाजून गेल्यावर जो वाचेल, त्याच्यासाठी उद्या म्हणजे शुक्रवार.

१० तास आधी : गुरुवार, सकाळी ६

मोहफुलाचा हंगाम सरत आला होता, तरी पहाटेच टोपली घेऊन झाडाखाली जाणारी घरं होतीच. फोन घरात, तोही घरटी एकच आणि बहुधा पोराच्या हातात. काही टोल्यांवर रेंज नसते. फोन लावायचा तर टेकाडावर किंवा रस्त्याला यावं लागतं. मुलीचा मामा भामरागड तालुक्यातला. अंतरपाटाच्या मागं भाचीला घेऊन उभं राहायचं ते त्यानंच.

ग्रुपमधल्या आपल्या संदेशावर बोट दाबून धरलं आणि माहिती उघडली, की कुणी वाचला आणि कुणापर्यंत नुसता पोचला, हे नावानिशी दिसतं. पाच मिनिटांचं काम होतं. ते झालं असतं तर मामाचं नाव दोन्ही याद्यांत नाही हे सकाळी सहालाच कळलं असतं. पण खाली हात जोडल्याची चित्रं, ‘ओके’ आणि ‘अभिनंदन’ यांची रांग लागली होती. ती पाहून घरच्यांना वाटलं, सगळ्यांना कळलं.

८ तास आधी : सकाळी ८

एका पाहुण्यानं विचारलं, ‘शुक्रवारी किती वाजता आहे?’ मांडवाच्या धावपळीत असलेल्या पुतण्यानं घाईघाईत उत्तर दिलं, ‘४ वाजता.’ त्यानं फक्त वेळ सांगितली. वाचणाऱ्यांनी शुक्रवारही पक्का धरला.

६ तास आधी : सकाळी १०

घोळ कानावर आल्यावर वडिलांनी जुन्या पत्रिकेवर पेनानं तारीख खोडून नवी लिहिली, तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. ज्यांच्या फोनमध्ये फोटो आपोआप उतरत नाहीत, त्यांना नुसता धूसर चौकोन दिसला. ज्यांना दिसला त्यांनाही ठळक छापील ‘२५’ आधी दिसलं. मूळ पत्रिका काढून टाकावी, तर तेव्हा पाठवलेला संदेश सर्वांसाठी पुसायची मुदत जेमतेम तासाभराची होती. पत्रिका तीन आठवड्यांपूर्वीची. आता ग्रुपवर तीन लग्नं होती : गुरुवारचं, शुक्रवारचं आणि रविवारचं.

४ तास आधी : दुपारी १२

मूलला दिलेली नवरदेवाची बहीण यादीतली होती. तिनं ‘घरी’ म्हणजे आपल्या माहेरी असं धरलं आणि दुपारी सावलीकडे निघायची तयारी केली. वरात दीडला निघणार होती. प्रत्येकाला वाटलं, तिला दुसऱ्या कुणीतरी फोन केला असेल.

२ तास आधी : दुपारी २

मांडवात शेजारच्या गावांतून माणसं यायला लागली. ‘सर्वांना कळविण्यात येते’ असं आलं होतं, म्हणजे बोलावणंच. कुणी आहेराचं भांडं घेऊन आलं, कुणी पोरांना नवे कपडे घालून. तीनपर्यंत अंगणात साठाच्या वर माणसं झाली. दारात आलेल्या सोयऱ्याला कोणत्या तोंडानं सांगणार, की तुम्ही यादीत नाही?

३५ मिनिटं आधी : दुपारी ३.२५

मामा सामानाला बाजाराच्या गावी आला आणि फोन वाजायला लागला. न पोचलेले संदेश व्हॉट्सॲप ३० दिवस धरून ठेवतं, रेंज आली की सगळे एकदम उतरतात. चाळीसेक संदेश ओळीनं आले. त्यानं बहिणीला फोन लावला. ‘बाई, लगन आजच हाय का?’ भामरागडाहून चामोर्शीकडचा रस्ता चार-पाच तासांचा.

मुहूर्त : दुपारी ४

पोलीस पाटील आले. माणूस गावचाच, पण त्यांनी सांगितलं की गर्दी कमी झाल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत, नाहीतर वर कळवावं लागेल. आजाराच्या त्या दिवसांत ते बरोबरच होतं. तासभर पाहुण्यांना हात जोडून परत पाठवण्यात गेला. काही उठले, काही रुसून उठले. मुहूर्त टळला. मामाच्या जागी चुलत मामाला उभं केलं. नवरदेवाची बहीण सावलीत कुलूप लागलेल्या घराच्या ओट्यावर बसली होती. पावणेसहाला लग्न लागलं आणि आठच्या आत पूल गाठायचा म्हणून वरात जेवणाची पानं तशीच टाकून निघाली.

शुक्रवारी चारला आणखी माणसं मांडवात आली. रविवारी अकराला धानोरा तालुक्यातले दोन म्हातारे सोयरे गडचिरोलीच्या बंद कार्यालयापुढं उभे होते. ते ग्रुपमध्ये नव्हतेच. त्यांच्याकडे फक्त छापील पत्रिका होती.

हाच निरोप कसा द्यायचा

लग्नाची तारीख किंवा जागा बदलली की तीन वेगळ्या माणसांना तीन वेगळ्या गोष्टी सांगायच्या असतात. काहींना ‘या’, काहींना ‘येऊ नका’, आणि ग्रुपबाहेरच्यांना ‘पत्रिकेवरचं रद्द झालं’. एकाच संदेशात हे भरायला गेलं की जो तो त्यातून आपल्याला हवं ते वाचतो.

यादीतल्या २५ जणांना फोनच करायचे. दोन्ही घरांतून दोघं-दोघं बसले तर वाट्याला सहा-सात फोन येतात, अर्ध्या तासाचं काम आहे. ‘समजलं का?’ असं विचारून उपयोग नाही, माणूस हो म्हणतोच. ‘सांगा बरं, कोणत्या वारी, किती वाजता, कुणाच्या घरी?’ असं विचारायचं आणि तिन्ही उत्तरं बरोबर आली की वहीत नावापुढं खूण करायची. नवरदेवाच्या बहिणीचा घोटाळा तिसऱ्या प्रश्नालाच उघड झाला असता.

मग ग्रुप. आधी सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिननाच लिहिता येईल असं करायचं, म्हणजे निरोप अभिनंदनाखाली गाडला जात नाही आणि घाईतलं उत्तर दुसरी तारीख उभी करत नाही. ग्रुपचं नावच ‘रविवारचे लग्न रद्द’ असं करायचं, ते ग्रुप न उघडताही दिसतं. आणि फोटो न टाकता साधा मजकूर :

‘रविवार, २५ एप्रिलचे गडचिरोली येथील लग्न रद्द. लग्न गुरुवार, २२ एप्रिल रोजी दुपारी ४ वाजता मुलीच्या घरी होत आहे. शासनाची मर्यादा २५ माणसांची आहे. ज्यांना आम्ही फोन करू, फक्त त्यांनीच यावे. बाकी सर्वांनी घरूनच आशीर्वाद द्यावा, आम्ही पुढे स्वतः भेटायला येऊ.’

जुनं रद्द हे पहिल्याच वाक्यात आहे, वार आणि तारीख दोन्ही आहेत आणि ‘येऊ नका’ मानानं सांगितलं आहे. शेवटचं वचन मात्र पाळायला हवं. हाच मजकूर सकाळी पुन्हा टाकायचा.

ग्रुपबाहेरच्यांसाठी गावातला एक माणूस धरायचा : पोलीस पाटील, मास्तर, किराणा दुकानदार. पत्रिका ज्या वहीवरून वाटल्या, त्याच वहीवरून रद्द झाल्याचा सांगावा जायला हवा. आणि जुन्या तारखेला जुन्या कार्यालयाच्या फाटकावर एक कागद चिकटवायचा.

पण या सगळ्याच्या आधी एक फोन आहे. ज्यांच्यावाचून विधी अडतो अशी माणसं चार-पाचच असतात, आणि त्यांतलं सगळ्यात लांबचं कोण हे घराला माहीत असतं. बुधवारी रात्री दहाला, भटजींनाही विचारण्याआधी, मामाच्या गावाजवळ रेंजमध्ये राहणाऱ्या कुणालातरी उठवून मोटारसायकलवर त्याच्याकडे पाठवता आलं असतं. रात्रीतून निघून मामा दुपारपर्यंत पोचला असता. तो पोचणारच नाही असं कळलं असतं, तर मुहूर्त ठरवण्याआधी घरानं ते धरून विचार केला असता. मामाचा होकार येईपर्यंत तारीख ठरली असं धरू नये आणि ग्रुपवर एक अक्षरही टाकू नये.