टाकीतलं डिझेल जातंय कुठे? कारखान्यातली गळती आकड्यांवरून कशी पकडतात

एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांत जनरेटरशेजारी स्टँडवर एक आडवी गोल टाकी दिसते. तिची क्षमता बहुतेक वेळा ९९० लिटरच असते. हजार का नाही? कारण डिझेल विनापरवाना साठवायचं तर एका टाकीत १००० लिटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि एका जागी एकूण २५०० लिटरच्या वर जाता येत नाही. म्हणून टाकी बनवणारे १० लिटर हातचे राखतात.

या टाकीतून डिझेल गेलं तर तीन शक्यता असतात. जनरेटरने जाळलं, कुणीतरी काढलं किंवा कुठूनतरी गळतंय. पहिल्याचा हिशोब लागतो, दुसऱ्याची कुजबुज होते. तिसरं मात्र महिनोन् महिने कळत नाही, कारण रोज तीन-चार लिटर कमी झाले तर डोळ्यांना फरक दिसतच नाही. डिझेल मात्र झाकलेल्या चरातून जमिनीत उतरत राहतं.

हल्ली अनेक ठिकाणी टाकीत लेव्हल सेन्सर असतो आणि दर १० किंवा १५ मिनिटांनी पातळी आपोआप नोंदली जाते. त्या आकड्यांत गळती दिसते, पण ती लगेच दिसत नाही.

पातळी कमी झाली की अलार्म, इतकं सोपं का नाही?

सेन्सर लिटर मोजत नाही, उंची मोजतो. ही टाकी पडलेल्या पिंपासारखी आडवी असते, त्यामुळे मध्यावर रुंद आणि तळाशी निमुळती. ९० सेंटीमीटर व्यास आणि १५६ सेंटीमीटर लांबीची टाकी घ्या. अर्धी भरलेली असताना पातळी १ सेंटीमीटर उतरली तर सुमारे १४ लिटर गेले. तळापासून ५ सेंटीमीटरवर तेवढीच उतरली तर जेमतेम साडेसहा लिटर. म्हणून आधी उंचीवरून लिटर काढण्याचा तक्ता लागतो. पेट्रोल पंपावर डिप रॉड टाकून तक्ता बघतात, तेच हे. तक्त्याशिवाय लावलेला अलार्म टाकी भरलेली असताना एक बोलतो आणि रिकामी होत आली की दुसरंच.

दुसरी भानगड तापमानाची. डिझेल थंड झालं की आकसतं. दर अंश सेल्सिअसला १००० लिटरमागे साधारण ०.८ लिटर. अर्ध्या टाकीतलं डिझेल रात्रीत ६ अंशांनी थंड झालं तर अडीच लिटर ‘गायब’ होतात, म्हणजे पातळी जवळजवळ २ मिलिमीटर खाली येते. दुपारी ऊन चढलं की ते परत येतात. थेंबही न गळता.

आता खरी गळती बघा. तासाला १५० मिलिलिटर म्हणजे दिवसाला ३.६ लिटर. रात्रीच्या नऊ तासांत ती पातळी फक्त १ मिलिमीटर उतरवते. थंडीने झालेली घट गळतीपेक्षा मोठी दिसते! त्यामुळे रात्री नऊ आणि पहाटे सहाची तुलना करणारा रोज खोटा अलार्म वाजवणार. आणि अलार्म दहा रात्री खोटा वाजला की अकराव्या रात्री मेंटेनन्सवाल्याचा मोबाइल सायलेंटवर असतो.

मग बघायचं काय?

शांत वेळ. जनरेटर बंद, डिझेल भरणं बंद, आणि दोन दिवसांतली एकच वेळ. पहाटे सहा ते दुसऱ्या दिवशीची पहाटे सहा. त्या वेळी डिझेलचं तापमान बऱ्यापैकी सारखं असतं आणि आकसण्याचा घोळ जवळजवळ निघून जातो. एकच रीडिंग न घेता पाच ते सहामधली चार-पाच रीडिंग घेऊन त्यांतली मधली घ्यायची, म्हणजे एखादं वेडंवाकडं रीडिंग आलं तरी फरक पडत नाही.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. पिंपरी-चिंचवडकडे बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, म्हणजे शांत वेळ आयती मिळते. बुधवारी रात्री नऊला पातळी ४५२ मिलिमीटर. गुरुवारी पहाटे ४४९. दुपारी तीनला पुन्हा ४५१, इथे पाहणारा निर्धास्त होतो. शुक्रवारी पहाटे ४४६. दोन पहाटेंमध्ये ३ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ४ लिटर कमी.

गळती सापडली? अजून नाही. बऱ्याच सेन्सरमध्ये एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतंच. एका दिवसाच्या आकड्यावर कुणाला कामाला लावू नये. रोजची तफावत काढून तिची बेरीज करत जायचं. साध्या एक्सेल शीटमध्येही हे होतं. B मध्ये पहाटेचे लिटर, C मध्ये गेल्या पहाटेपासून भरलेलं डिझेल, D मध्ये जनरेटरने दिलेले विजेचे युनिट, E मध्ये तफावत, F मध्ये बेरीज:

```
E3: =B2+C3-D3/3.5-B3
F3: =F2+E3
```

३.५ म्हणजे एका लिटरमागे मिळणारे युनिट. मध्यम आकाराचा जनरेटर चांगल्या लोडवर साधारण ३ ते ४ युनिट देतो, पण आपल्या जनरेटरचा आकडा आपल्याच जुन्या नोंदींवरून काढलेला बरा.

मोजण्यातली चूक कधी इकडे जाते, कधी तिकडे. आज ३ लिटर कमी, उद्या २ जास्त. त्यामुळे F शून्याच्या आसपास घुटमळतो. गळती मात्र एकाच दिशेने जाते. आपल्या उदाहरणात शुक्रवारी ४, शनिवारी ७, रविवारी १२, मग १५, १९ आणि बुधवारी पहाटे २२. आधीच्या दोन महिन्यांत ही बेरीज कधी १० च्या वर गेली नसेल, तर अलार्मची रेषा २० वर ठेवणं योग्य. म्हणजे बुधवारी मेसेज येतो. सहा दिवस लागले, पण हा मेसेज खरा असतो.

चोरी आणि गळती वेगळी कशी ओळखायची?

आलेखाच्या आकारावरून. डिझेल काढलं तर पायरी दिसते. जनरेटर बंद असताना वीस मिनिटांत ४० लिटर कमी आणि मग पुन्हा सपाट. यासाठी वेगळा आणि तातडीचा अलार्म हवा, सहा दिवस थांबणारा चालणार नाही. गळतीचा उतार रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही चालू राहतो. पातळी एका ठरावीक उंचीपर्यंत उतरून तिथेच थांबली, तर भोक त्या उंचीवर आहे असं समजावं. हे तर आकडेच बोट दाखवून सांगतात.

एक प्रकार मात्र शांत वेळेला पकडता येत नाही. इंजिन जाळतं त्यापेक्षा जास्त डिझेल ओढतं आणि उरलेलं रिटर्न लाइनने टाकीत परत पाठवतं. ही रिटर्न लाइन गळत असेल तर जनरेटर बंद असताना सगळं ठीक दिसतं. पत्ता लागतो तो युनिटवरून. २१० युनिटला ६० लिटर लागायला हवेत आणि ६६ जातायत, आणि जनरेटर जितके तास जास्त चालतो तितकी तफावत वाढते. पण जनरेटर फारच कमी लोडवर चालला तर तोही लिटरमागे कमी युनिट देतो. त्यामुळे आधी लोड बघायचा, मग पाइप.

मेसेज आला, पुढे?

आधी डिप रॉड टाकून सेन्सर खरं बोलतोय का ते बघतात. मग सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी टाकीचा आउटलेट व्हॉल्व बंद करून ठेवतात. रात्रभरानंतरही घट चालूच असेल तर दोष टाकीत किंवा तिच्या ड्रेन प्लगमध्ये. घट थांबली तर व्हॉल्वच्या पुढे, म्हणजे पाइप, जोड किंवा फिल्टर. आपल्या उदाहरणात घट थांबते आणि चराची झाकणं उघडल्यावर पाइपचा एक जोड ओला सापडतो.

व्हॉल्व बंद करताना जनरेटरही ऑटोवरून मॅन्युअलवर घ्यावा लागतो आणि पॅनलवर पाटी लावावी लागते. नाहीतर रात्री लाइट गेली की जनरेटर आपोआप सुरू होतो, डिझेल मिळत नाही, लाइनमध्ये हवा शिरते आणि मग कुणालातरी पहाटेपर्यंत एअर काढत बसावं लागतं.

सेन्सर स्वतःच खोटं बोलला तर?

बोलतो. वायर निघाली की काही यंत्रणा थेट शून्य नोंदवतात आणि ‘टाकी रिकामी’ असा मेसेज जातो. म्हणूनच उद्योगातले अनेक सेन्सर रिकाम्या टाकीलाही ४ मिलिअँपिअर करंट पाठवतात. त्याहून बराच कमी आला तर टाकी नाही, वायर तपासायची.

याहून धोकादायक उलटा प्रकार. सेन्सर बंद पडतो आणि यंत्रणा शेवटचं रीडिंगच पुन्हा पुन्हा लिहीत राहते. आलेख एकदम सरळ, मन प्रसन्न करणारा. जनरेटर चार तास चालला आणि पातळी १ मिलिमीटरही हलली नाही, यावर अलार्म हवाच. आणि टँकर किंवा कॅनमधून डिझेल भरल्यावर पुढची पंधरा-वीस मिनिटं पृष्ठभाग हलत असतो, फेस असतो. तेवढी रीडिंग हिशोबात धरत नाहीत.

किती बारीक गळती पकडता आली पाहिजे?

अमेरिकेत जमिनीखालच्या इंधन टाक्यांसाठी १९८८ पासून नियम आहेत. तिथे आपोआप मोजणाऱ्या यंत्रणेला तासाला ०.२ गॅलन, म्हणजे सुमारे पाऊण लिटर गळती ओळखता यावी लागते. नवी यंत्रणा तपासताना ती १०० पैकी किमान ९५ वेळा पकडली जावी आणि खोटा इशारा ५ वेळांहून जास्त नसावा अशी अट असते. तिथल्या टाक्या हजारो लिटरच्या असतात. २०,००० लिटर डिझेल १ अंशाने थंड झालं तरी १६-१७ लिटर आकसतं, त्यामुळे तिथे तापमान मोजल्याशिवाय पातळीला काही अर्थ नसतो.

पाण्याच्या टाकीलाही हेच चालेल का?

बरंचसं. उभ्या भिंतींची टाकी असेल तर हिशोब सोपा. १० चौरस मीटर तळाच्या टाकीत १ मिलिमीटर म्हणजे १० लिटर. उघड्या टाकीतून उन्हाळ्यात रोज काही मिलिमीटर पाणी नुसतं वाफ होऊन जातं, ते वजा करावं लागतं. पण खरा चकवा फ्लोट व्हॉल्वचा. पातळी जरा उतरली की तो उघडतो आणि पाणी भरून घेतो. टाकी कितीही गळो, पातळी जागच्या जागी. अशा टाकीवर सेन्सर लावून उपयोग नाही. रात्री सगळे नळ बंद असताना इनलेटच्या मीटरचा काटा फिरतोय का, ते बघायचं.